'काही फर्निचर असलेली खोली' : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया : "आपल्या मागील लेखातील जर्मन जाहिरातीचे भाषांतर वाचून निराशा झाली. 'सेमी फर्निश्ड' हा सर्वांना कळणारा शब्द सोडून 'काही फर्निचर असलेली' असे पाणी कशाला घातले? महिन्याला ४०० युरो द्यायचे असताना तीन महिन्यांची अनामत १२०० ऐवजी ९३० कशी? 'विद्यार्थी हवा' म्हणजे मुलींनी अर्ज करू नये काय? आणि दर शनिवार-रविवारी घरी जाण्याची अट जाहिरातीत खरोखर आहे, की आपण घातली? भाषांतरकाराने स्वतःचे ज्ञान मध्ये आणू नये."

स. न. वि. वि.

आपण भाषांतर ओळीला ओळ लावून तपासले, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. आपले काही आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहेत, काही मान्य नाहीत, आणि एका आक्षेपामुळे माझ्या हातून झालेली खरी चूक मला कळली. इतर वाचकांना पडताळा घेता यावा म्हणून मूळ जाहिरात पुन्हा देतो.

```
Teilmöbl. Zi., 16 m², Kü./Bad-Mitben.,
KM 310 € + 90 € NK, KT 3 MM, ab 1.10.,
NR, ruh. Stud., WE-Heimf. bevorz.
```

पहिला शब्द 'टाइलम्योब्लिअर्ट' असा सुटतो. शब्दशः पाहिले तर 'सेमी फर्निश्ड' हाच त्याचा प्रतिशब्द आहे, हे मी नाकारत नाही. परंतु नागपुरात हे दोन शब्द ऐकले की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक खोली उभी राहते : छताला पंखा, भिंतीवर ट्यूबलाइट, भिंतीतले कपाट, ओट्याखाली ट्रॉली आणि नशीब चांगले असेल तर कूलर बसेल अशी खिडकी. पलंग मात्र आपला आपण आणायचा. जर्मनीत या शब्दाने असे कोणतेही ठरलेले चित्र उभे राहत नाही. तेथे फर्निचर नसलेल्या घरात छतातून नुसत्या वायरी लोंबत असतात, दिवासुद्धा भाडेकरू स्वतः लावतो, आणि अनेकदा स्वयंपाकघराचे ओटे-कपाटेही नसतात. 'टाइलम्योब्लिअर्ट' याचा अर्थ एवढाच की या कोऱ्या खोलीत घरमालकाने काही वस्तू ठेवल्या आहेत. त्या कोणत्या, हे जाहिरात सांगत नाही. बहुधा पलंग आणि कपाट असते, पण 'बहुधा' हा शब्द भाषांतरात लिहिता येत नाही. म्हणून मी 'काही फर्निचर असलेली' असे लिहिले, आणि ते तसेच ठेवणार आहे.

येथे आणखी एक कारण आहे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जर्मन भाडेकायद्यात खोलीत फर्निचर किती आहे यावर तिच्यातून किती लवकर निघावे लागेल हे ठरू शकते. घरमालक स्वतः राहत असलेल्या घरातीलच खोली असेल, तिचे बहुतांश फर्निचर देण्याची जबाबदारी त्याचीच असेल आणि ती एकट्या माणसाला दिलेली असेल, तर नागरी संहितेच्या कलम ५७३क च्या (मूळ क्रमांक 573c) तिसऱ्या पोटकलमानुसार कोणत्याही महिन्याच्या १५ तारखेपर्यंत सूचना देऊन त्याच महिन्याच्या अखेरीस करार संपवता येतो, आणि घरमालकाला कारण सांगावे लागत नाही. ही मोकळीक भाडेकरूलाही तितकीच आहे. एरवी मात्र साधारण तीन महिन्यांची मुदत असते आणि घरमालकाला सहसा कायद्यात बसणारे कारण द्यावे लागते. कायद्याचा शब्द 'बहुतांश' असा आहे, आणि आपल्या जाहिरातीतला शब्द 'काही' असा आहे. पुढे 'मिटबेनुट्सुंग', म्हणजे स्वयंपाकघर व न्हाणीघर इतरांसोबत वापरायचे, असे लिहिलेले असल्यामुळे घरमालक त्याच घरात राहत असण्याची शक्यता दिसते, पण तेही स्पष्ट लिहिलेले नाही. मी 'सेमी फर्निश्ड' लिहिले असते तर वाचणाऱ्याला सगळे समजल्यासारखे वाटले असते आणि हा प्रश्न विचारायचा राहून गेला असता. घरमालक कोठे राहतो आणि खोलीत नेमके काय काय आहे, हे दोन प्रश्न चौकशीच्या पहिल्याच पत्रात विचारायला हवेत.

आता अनामत. 'के. एम.' म्हणजे 'काल्टमीटे', शब्दशः 'थंड भाडे' : केवळ जागेचे भाडे. 'एन. के.' म्हणजे 'नेबेनकोस्टेन', अर्थात पाणी, कचरा, जिन्याची साफसफाई अशा जोडखर्चाची रक्कम. यात खोली गरम ठेवण्याचा खर्च धरलेला आहे की नाही, आणि वीज व इंटरनेट वेगळे आहेत काय, हे विचारूनच घ्यावे लागते. 'के. टी.' म्हणजे अनामत आणि 'एम. एम.' म्हणजे 'मोनाट्समीटेन', महिन्यांची भाडी. येथे आपली शंका रास्त आहे, कारण ही अक्षरे थंड भाड्याबद्दल आहेत की एकूण ४०० युरोंबद्दल, हे त्यांच्यावरून ठरत नाही. ते ठरते कायद्यावरून. त्याच संहितेचे कलम ५५१ सांगते की घराची अनामत एका महिन्याच्या भाड्याच्या तिपटीहून अधिक घेता येत नाही, आणि ही तिप्पट मोजताना वेगळा दाखवलेला जोडखर्च धरायचा नाही. म्हणून ३१० गुणिले ३, म्हणजे ९३० युरो, ही कमाल मर्यादा झाली. कोणी १२०० मागितले, तर वरचे २७० युरो नियमाबाहेरचे आहेत.

याच कलमात आणखी एक सवलत आहे, जी आपल्याकडील पालकांना सहसा ठाऊक नसते. ही अनामत तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना द्यायचा, आणि उरलेले दोन पुढच्या दोन महिन्यांच्या भाड्यासोबत. म्हणजे १ ऑक्टोबरला ४०० युरो भाडे व जोडखर्च आणि ३१० युरोंचा पहिला हप्ता मिळून ७१० युरो लागतील. आपल्या हिशेबाने १६०० युरोंची सोय करून ठेवावी लागली असती. ज्या घरात विमानाचे तिकीट, विमा आणि विद्यापीठाचे शुल्क एकाच महिन्यात उभे करायचे असते, तेथे हा फरक लहान नाही.

तरीही आपल्या आक्षेपाचा एक भाग मला मान्य करावाच लागेल. ९३० हा आकडा बरोबर आहे, पण त्याची जागा चुकली. जाहिरातीत हा आकडा नाही, आणि मी तो भाषांतराच्या ओळीतच लिहून टाकला होता. ओळीत 'अनामत : तीन महिन्यांचे भाडे' एवढेच असायला हवे, आणि हिशेब खाली, माझ्या नावाने. संक्षेप उलगडणे हे भाषांतराचे काम आहे, पण त्या उलगड्यावरून काढलेला निष्कर्ष भाषांतराच्या ओळीबाहेर राहिला पाहिजे. ही रेघ मी पाळली नाही.

'विद्यार्थी' या शब्दाबद्दल आपण म्हणता ते शंभर टक्के खरे आहे. मूळ जाहिरातीत 'श्टुड.' एवढेच आहे. जर्मन भाषेत विद्यार्थी आणि विद्यार्थिनी यांसाठी वेगवेगळे शब्द आहेत, परंतु त्या टिंबाने शब्दाचे शेपूट कापल्यामुळे दोन्ही त्यात मावतात. त्याच्या आधीचे 'रु.' म्हणजे शांत स्वभावाचे, आणि तेही तसेच कापलेले असल्याने त्याच्यावरूनही काही कळत नाही. मराठीत मात्र 'हवा' लिहिले की दार अर्धे बंद होते. तेव्हा दोन्ही शब्द लिहिणे हाच मार्ग आहे.

आणि आता ज्या चुकीबद्दल मला वाईट वाटते ती. शेवटचा तुकडा 'वोखेनएंडहाइमफारर बेफोरत्सुग्ट' असा सुटतो. पहिला शब्द शुक्रवारी संध्याकाळी गाडी पकडून आपल्या गावी जाणाऱ्या आणि रविवारी रात्री किंवा सोमवारी परतणाऱ्या माणसासाठी आहे. दुसऱ्याचा अर्थ 'प्राधान्य' असा आहे. मी त्याचे 'हवा' केले होते. ही अट मी मनाने घातली नव्हती, पण पसंतीची अट केली, हे तितकेच चुकीचे आहे. प्रतापनगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या ज्या मुलीसाठी मी हे भाषांतर केले होते, तिने तो शब्द वाचून जाहिरात बाजूला ठेवली. "काका, मी दर शनिवारी नागपूरला कशी येणार?" असे ती म्हणाली, आणि मीही मूळ मजकूर पुन्हा न पाहता मान डोलावली. त्यातही शेवटचे 'प्राधान्य' केवळ गावी जाणाऱ्यांपुरते आहे की विद्यार्थ्यांनाही लागू आहे, हे स्वल्पविरामांवरून निश्चित होत नाही. सुदैवाने मराठीतही हा शब्द शेवटी येतो, त्यामुळे मूळची संदिग्धता तशीच ठेवता येते. बिनशर्त अटी या तिघांपैकी फार तर दोनच असू शकतात : 'एन. आर.', म्हणजे धूम्रपान न करणारे, आणि शांत विद्यार्थी.

असे प्राधान्य लिहिणाऱ्या घरमालकाला एक प्रश्न अवश्य विचारावा. जर्मनीत नव्या पत्त्यावर राहायला गेल्यानंतर दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात नाव नोंदवावे लागते, आणि त्यासाठी घर देणाऱ्याचे लेखी प्रमाणपत्र लागते. शनिवार-रविवार घर मोकळे राहील असे गृहीत धरून खोली देणाऱ्याला भाडेकरूचे मुख्य घर दुसरीकडे असेल असे वाटत असते. परदेशातून आलेल्या मुलीचा तोच एकमेव पत्ता असतो, म्हणून प्रमाणपत्र मिळेल काय, हे आधीच लेखी विचारलेले बरे.

सुधारलेले भाषांतर असे आहे :

काही फर्निचर असलेली खोली किरायाने देणे आहे. क्षेत्रफळ १६ चौरस मीटर (सुमारे १७२ चौरस फूट). स्वयंपाकघर व न्हाणीघर सामाईक. भाडे ३१० युरो, अधिक जोडखर्च ९० युरो. अनामत : तीन महिन्यांचे भाडे. १ ऑक्टोबरपासून उपलब्ध. धूम्रपान न करणारे, शांत विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी, शनिवार-रविवारी आपल्या गावी जाणाऱ्यांना प्राधान्य.

कंसातील चौरस फूट माझे आहेत. बाकी सर्व जाहिरातीचे आहे. त्या मुलीला हा मजकूर काल वाचून दाखवला. तिने फर्निचर, घरमालकाचा मुक्काम, जोडखर्चात काय येते आणि नोंदणीचे प्रमाणपत्र, असे चार प्रश्न लिहून काल रात्रीच चौकशीचे पत्र पाठवले आहे.

आपला,
ब्लॉगलेखक, नागपूर