रुपयातला आकडा आधी डॉलरने भागून बघा

"परदेशी साइटवर रुपयात पैसे भरायचा पर्याय घेतला की कार्डाचा चार्ज वाचतो ना?"

नाही, बहुतेक वेळा उलट जास्तच जातात. आमच्या मालवणात गळाने मासेमारी करणारी पोरं रीळ बाहेरून मागवतात, त्याचाच हिशेब घ्या. रीळ १२० डॉलरचं आणि त्या दिवशीचा दर सोयीसाठी ९० रुपये धरा, म्हणजे १०,८०० रुपये. डॉलरमध्ये भरलंत तर बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचा परकीय चलनाचा चार्ज, लागतो, ३७८ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ६८ रुपये. एकूण ११,२४६.

रुपयात भरताना दर बँकेचा नसतो, साइटचा किंवा तिच्या पेमेंट कंपनीचा असतो. समजा पडद्यावर ११,४०० दिसले. १२० ने भागा, दर निघाला ९५. डॉलरमागे पाच रुपये तिथेच गेले, आणि ते चार्ज म्हणून कुठे लिहिलेलेही नसतात, हे मला फार खटकतं. शिवाय दुकान परदेशात नोंदलेलं असेल तर रुपयातल्या व्यवहारावरही काही बँका साधारण एक टक्का चार्ज आणि त्यावर जीएसटी लावतात. इथे ते आणखी १३५ रुपये, म्हणजे ११,५३५. स्टेटमेंटमध्ये ही ओळ मागाहून, वेगळी येते.

म्हणून पैसे भरण्याआधी चलन डॉलरवर आणा. रुपयाची खूण बऱ्याचदा आधीच केलेली असते. तुमच्या कार्डाला मार्कअप किती, ते बँकेच्या शुल्कपत्रकात सापडेल. तो शून्य किंवा दोन टक्के असेल तर फरक आणखी वाढतो.