पत्नीच्या नावावरचा व्यवसाय

"मी राज्य सरकारचा कर्मचारी, नागपुरात. पत्नी घरून संत्रा बर्फी विकते. सगळं तिच्या नावावर आहे, मग मला नियम लागत नाही ना?"

लागतो, दादा. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 तुम्हाला परवानगीशिवाय प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष व्यापार करू देत नाहीत. वहिनींना मात्र व्यवसाय करायला मनाई नाही. घरातलं कोणी व्यवसायात असेल तर ते कार्यालयाला लेखी कळवायचं, एवढंच. अर्ज द्या, पोच घ्या आणि ती जपून ठेवा.

खरी अडचण येते ती तुमच्या हातून. दिवाळीत सिव्हिल लाइन्सच्या कार्यालयात तुम्हीच डबे घेऊन फिरलात, ऑर्डरी लिहून घेतल्या, तर तो तुमचा व्यापार ठरू शकतो. तक्रार झाली की सर्वांत आधी व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाचा नंबर आहे आणि पैसे कोणाच्या यूपीआयवर जातात हेच पाहिलं जाईल. दोन्ही वहिनींचेच ठेवा.

पैशाचंही बघा, हे फार जण विसरतात. समजा, 1 एप्रिलला धंद्यातलं भांडवल 1,00,000 आहे आणि त्यातले 60,000 तुम्ही तिला बक्षीस म्हणून दिलेले आहेत. वर्षाचा नफा 50,000 झाला, तर त्यातले 30,000 आयकरात तुमच्या उत्पन्नात मिळवले जातात. बक्षिसाऐवजी खरोखरचं कर्ज दिलं, कागद केला आणि ती बँकेतून फेड करत असेल, तर ही भानगड राहत नाही.