परतावा मिळवण्यासाठी कोणतीही लिंक उघडावी लागत नाही

"आयकराचा परतावा मंजूर झाल्याचा मेसेज आला तर घाबरू नका. त्यातला खाते क्रमांक चुकीचा असेल तर दिलेल्या लिंकवर जाऊन लगेच दुरुस्त करा, नाहीतर पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातील. लिंकमध्ये incometax हा शब्द आणि कुलपाचे चिन्ह दिसले की साइट खरी. ओटीपी कोणाला सांगितला नाही तर खात्यातून एक रुपयाही जात नाही. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

नागपुरात मी लोकांची विवरणपत्रे भरून देतो, आणि हा मजकूर मला अशीलांकडूनच आला. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. पण त्यातला सल्ला पाळणारा माणूस थेट फसवणूक करणाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहतो, म्हणून एकेका वाक्याचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

सर्वात घातक आहे ती पैसे दुसऱ्याच्या खात्यात जाण्याची भीती, कारण संपूर्ण फसवणूक तिच्यावरच उभी आहे. प्रतापनगरला राहणारे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे मोबाइल घेऊन आले तेव्हा त्यांना आलेला मेसेज असा होता: १५,४९० रुपयांचा परतावा मंजूर झाला आहे, रक्कम लवकरच खाते क्रमांक 5XXXXX6755 मध्ये जमा होईल, क्रमांक बरोबर नसल्यास खालील लिंकवर बँकेची माहिती अद्ययावत करा. याच रकमेचा मेसेज केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने २०२३ मध्येच खोटा असल्याचे जाहीर केले होते. सरांचे म्हणणे एवढेच होते की, "हा माझा खाते क्रमांकच नाही, मग माझे पैसे कोणाला चालले?" तो क्रमांक त्यांचा नसणे ही चूक नव्हे, तर योजना आहे. हजारो लोकांना एकच क्रमांक पाठवला की तो जवळजवळ प्रत्येकाला परका वाटतो, आणि आपला हक्काचा पैसा वाचवण्याच्या घाईत माणूस स्वतःहून लिंक उघडतो.

प्रत्यक्षात परतावा असा भलत्याच खात्यात वळत नाही. तो बेंगळुरू येथील केंद्रीय प्रक्रिया केंद्रात विवरणपत्र तपासले गेल्यावर निघतो, आणि मार्च २०१९ पासून तो केवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने, पॅनशी जोडलेल्या व आयकर विभागाच्या पोर्टलवर आधीच पडताळलेल्या खात्यातच जमा होतो. ही पडताळणी बँकेकडून होते: खाते क्रमांक, आयएफएससी, पॅन आणि खातेदाराचे नाव जुळले तरच ते खाते परताव्यासाठी ग्राह्य धरले जाते. खाते जुळले नाही तर परतावा जमा न होता परत जातो आणि पोर्टलवर तशी नोंद दिसते. त्यामुळे तुमचे खाते कोणते, हे मेसेज पाठवून विचारण्याची विभागाला गरजच पडत नाही. बँकेचा पिन, पासवर्ड किंवा कार्डाची माहिती आपण ई-मेलने मागत नाही, असे विभागाने स्वतःच सांगून ठेवले आहे. (आपल्या सिव्हिल लाइन्सच्या आयकर भवनातून असे मेसेज येतात, असेही काही जण मानतात. परताव्यासाठी खाते जुळवून घेण्याचे काम तिथून मेसेज पाठवून होत नाही.)

आता लिंकमधल्या शब्दाविषयी. सरांच्या लिंकची घडण साधारण अशी होती. खरा पत्ता मी मुद्दाम देत नाही:

```
https://incometax.gov.in.refund-update.example/verify
```

डोळा सुरुवातीच्या ओळखीच्या शब्दांवर थांबतो आणि तिथेच फसतो. `https://` नंतर येणारी पहिली तिरकी रेघ शोधावी आणि तिथून डावीकडे मागे वाचत यावे. या पत्त्यात रेघेला लागून आधी `refund-update.example` आहे, म्हणजे साइटचा मालक तो आहे. त्याच्या डावीकडचे `incometax.gov.in` हे मालकाने आपल्या मर्जीने चिकटवलेले नाव आहे, कारण स्वतःच्या नावापुढे कोणालाही काहीही जोडता येते. खऱ्या पत्त्यात त्या रेघेच्या लगेच आधी `incometax.gov.in` येते. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमचा मोबाइल आणि ती साइट यांच्यातली माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही. ती साइट कोणाची आहे, याची ग्वाही ते देत नाही. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र ठगांनाही काही मिनिटांत फुकट मिळते.

ओटीपीबद्दलच्या वाक्यात थोडे तथ्य आहे: नुसता खाते क्रमांक आणि आयएफएससी कळल्याने कोणी पैसे काढू शकत नाही, ते तर आपण धनादेशावरही देतो. पण ही पाने तिथे थांबत नाहीत, आणि ओटीपी तोंडाने सांगण्याची गरजही राहिलेली नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने ड्रिनिक नावाच्या अँड्रॉइड मालवेअरबद्दल इशारा दिला होता, त्याची रीत पाहण्यासारखी आहे. मेसेजमधली लिंक आयकर विभागासारख्या दिसणाऱ्या पानावर नेते आणि पडताळणीसाठी एक ॲप उतरवायला सांगते. ते ॲप एसएमएस, कॉलची नोंद आणि संपर्क पाहण्याची परवानगी मागते. मग नाव, पॅन, आधार, जन्मतारीख यांच्यापाठोपाठ खाते क्रमांक, डेबिट कार्डाचा क्रमांक, मुदत, सीव्हीव्ही आणि पिन विचारते. शेवटी परताव्याची रक्कम भरून पाठवण्याचे बटण दाबले की त्रुटी आली असे दाखवते आणि अपडेट चालू असल्याचा पडदा समोर आणते. माणूस तो पडदा संपण्याची वाट पाहत असतो तेवढ्यात त्याचे एसएमएस ठगाकडे पोचलेले असतात. एसएमएसची परवानगी दिलेल्या अशा ॲपला ओटीपी आपोआप वाचता येतो.

ज्याने लिंकवर माहिती भरली असेल त्याने आधी मोबाइलचे इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड व नेटबँकिंग थांबवावे आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पासवर्ड त्याच मोबाइलवरून बदलू नये, कारण नवा पासवर्डही तिथेच वाचला जाऊ शकतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः गोपनीय माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याच्याच माथी येते आणि कळवल्यानंतरचे बँकेच्या. म्हणून लाजेपायी घालवलेला एक तासही महागात पडतो.

सरांनी लिंक उघडली होती, पण काही भरले नव्हते. आम्ही संगणकावर `www.incometax.gov.in` हा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन केले आणि भरलेल्या विवरणपत्रांची यादी उघडली. त्यांचा खरा परतावा ६,२४० रुपयांचा होता आणि तो खरोखरच अडकला होता: त्यांची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाल्यावर शाखेचा आयएफएससी बदलला होता आणि पोर्टलवर जुनाच राहिला होता. आम्ही प्रोफाइलमधल्या बँक खात्यांच्या भागात नवा आयएफएससी टाकून पुन्हा पडताळणी मागितली, ती झाल्यावर परतावा पुन्हा देण्याची विनंती नोंदवली, आणि पुढे रक्कम त्यांच्या पेन्शनच्या खात्यात जमा झाली. या सगळ्यात ना कार्डाचा क्रमांक लागला, ना पिन.