कारण द्यायचंच नाही

"मग, बार कधी उडवून देतेस?" हा नातेवाइकांचा प्रश्न एक वेळ परवडला. वैताग येतो तो त्याच्या पुढच्या "का नाही?" या प्रश्नाचा. नोकरीत जरा स्थिर होऊ दे म्हटलं, की "लग्नानंतर होतेच की सगळी स्थिर!" मनासारखं कुणी भेटलं नाही म्हटलं, की आत्याच्या मोबाइलमध्ये बायोडेटा तयारच. आपण दिलेलं प्रत्येक कारण म्हणजे त्यांच्यासाठी सोडवायला दिलेलं गणित. आणि हे सगळं माझा हात घट्ट धरून, आवाज खाली आणून, तरीही अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं!

म्हणून आता मी कारणच देत नाही. "आत्या, काही ठरलं तर तुला नक्की सांगेन," एवढंच. पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच वाक्य, त्याच सुरात. शब्द बदलला की त्यांना नवा धागा सापडतो. मग लगेच, "तुझा गुडघा कसा आहे?" गुडघ्याबद्दल ती भरभरून बोलते, आणि मलाही ते खरंच ऐकायचं असतं.

पण हे तोंडावर विचारणाऱ्यांपुरतंच चालतं. काही जण मला सोडून आईला गाठतात. "तूच लाडावून ठेवलंयस तिला." तिथे मात्र मी मध्ये पडते. "काका, लग्न माझं आहे, जे विचारायचं ते मला विचारा. आईला नको." आवाज चढवत नाही. काकांचा चेहरा पडतो. पडू दे! आईनं का म्हणून ऐकून घ्यायचं?