‘जुना तांदूळ’ म्हणजे कधीचा, ते लिहा की!

“जुना, अनपॉलिश, घमघमीत सुवासाचा, यळ्ळूर शिवारातला अस्सल बेळगाव बासमती. 5 किलो.” अशा जाहिराती सध्या ऑनलाइन रोज दिसतात. वाचायला झकास. पण बेळगावच्या रविवार पेठेत भुसारीच्या दुकानात बसणाऱ्या माझ्यासारख्याला त्या ओळीतून तांदळाबद्दल काहीच कळत नाही. उलट शंका येते, कारण जुना, अनपॉलिश आणि घमघमीत हे तिन्ही गुण एकाच पिशवीत पुरेपूर मिळणं अवघड असतं.

आपल्या भागात भाताची सुगी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरला होते. मळणी झाल्या झाल्या गिरणीतून काढलेल्या तांदळाचा वास सगळ्यात जास्त. यळ्ळूर, वडगाव, शहापूरकडच्या घरांत तेव्हा कुकरची शिट्टी झाली की शेजाऱ्याला कळतं. पण हा नवा तांदूळ शिजताना मऊ होतो, चिकटतो, पेज दाट सोडतो. वर्षभर ठेवला की दाणा कडक होतो, जास्त पाणी पितो, जास्त फुलतो आणि मोकळा शिजतो. मात्र त्याच वर्षात वास हळूहळू उडत जातो. म्हणजे मोकळेपणा हवा तर थोडा वास सोडायचा आणि वास हवा तर थोडा चिकटपणा चालवून घ्यायचा. वरण-भाताला, दही-भाताला नवा किंवा चार-सहा महिन्यांचा तांदूळ उत्तम. मसालेभाताला वर्षाचा घ्या. दोन्हीला एकच पिशवी पुरेल असं सांगणारा विकणारा भेटला तर जरा जपून.

आता ‘जुना’चंच बघा. तांदूळ भाताच्या रूपात जुना झालाय की तांदूळ म्हणून, हा प्रश्न जाहिरातीत कुणी घेतच नाही. कणगीत किंवा पोत्यात टरफलासकट ठेवलेलं भात वर्षभर छान टिकतं. दाणा आत कडक होतो, वासही त्यामानाने जपला जातो. तेच भात सुगीतच गिरणीवर नेऊन तांदूळ करून ठेवला, तर वास लवकर जातो आणि पोरकिड्यांची वर्दळ सुरू होते. आणि अनपॉलिश असेल तर विषय आणखी नाजूक. त्या दाण्यावर कोंड्याचा थर असतो, कोंड्यात तेल असतं आणि तेल काही महिन्यांत खवट होतं. म्हणून ‘दोन वर्षं जुना अनपॉलिश’ हे वाचलं की मी एवढंच विचारतो : गिरणीतून कधी काढला? भात दोन वर्षांचं आणि भरडलं गेल्या पंधरवड्यात, तर ठीक. तांदूळच दोन वर्षांचा असेल तर नको रे बाबा.

मागच्या जानेवारीत पुण्याच्या एका वहिनींचा फोन आला. माहेर इकडचं. एका ऑनलाइन पेजवरून ‘जुना बेळगाव बासमती’ 5 किलो मागवलेला. घरी पाहुणे, मसालेभाताचा बेत. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी घातलं, अर्धा तास भिजवलाही. “भाऊजी, गोळा झालाय की वो! चमचा उभा ऱ्हायलाय त्यात.” मी पिशवीचा फोटो मागवला. पॅकिंग जानेवारीचं. म्हणजे पिशवी महिन्याभराची, हे झालं पिशवीचं वय. दाण्याचं वय कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग म्हटलं, चार कच्चे दाणे चावून बघा. जुना दाणा कट्‌कन तुटतो. नवा आधी जरा दबतो, मग फुटतो आणि पीठ होऊन दातांना चिकटतो. त्यांचे दाणे दबलेच. शिवाय पेज दुधासारखी दाट आली होती. सुगी होऊन दोन महिनेही झाले नसावेत.

उरलेल्या तांदळाचं काय? भिजवायचं नाही, नुसता धुवायचा. वाटीला दीड वाटी पाणी, शिट्टी झाल्यावर झाकण उघडायची घाई नाही. दुसऱ्या दिवशी वरण-भाताला लावला तर वहिनींचा मेसेज आला, “वास कसला मस्त आलाय!” तांदूळ चांगलाच होता. जुना म्हणून विकला, ही खोटी गोष्ट.

यातली गंमत अशी की कायद्यानेही ऑनलाइनवाल्याला इथे मोकळीक आहे. पॅकबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे पिशवीवर पॅकिंगचा महिना-वर्ष छापावं लागतं. पण ऑनलाइन जाहिरातीत जी माहिती दाखवायची सक्ती आहे, त्यातून नेमका महिना-वर्षच वगळलाय. म्हणजे पिशवी हातात येईपर्यंत तारीख कळत नाही, आणि आली तरी ती पॅकिंगची. सुगी कुठल्या वर्षाची हे विकणाऱ्याने आपणहून सांगितलं तरच कळणार.

अजून एक चकवा म्हणजे ‘स्टीम’. भाताला वाफ देऊन मग भरडतात, त्यामुळे दाणा कडक होतो आणि नवा तांदूळही जुन्यासारखा मोकळा शिजतो. सोना मसुरीत तर हे सर्रास चालतं आणि त्यात वाईट काही नाही, हॉटेलवाले मुद्दाम तोच मागतात. पण स्टीम असेल तर स्टीम लिहा. जुना म्हणून दर लावू नका. आणि वासाचं म्हणाल तर पिशवी फोडताना अत्तरासारखा भपका आणि शिजल्यावर काहीच नाही, असं झालं तर वास वरून लावलाय असं समजा. खरा वास शिजताना खुलतो.

जुन्याला दर जास्त का, हेही ग्राहकाला कळायला हवं. नुसते पैसे अडकतात म्हणून नाही. 15 टक्के ओलाव्याचं 100 किलो भात वाळून 12 टक्क्यांवर आलं की साडेशहाण्णव किलोच भरतं. वर उंदीर, कीड, पोत्याची गळती. ही घट शेतकरी सोसतो, त्याचे पैसे द्यायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती घट न सोसता तोच दर लावण्याला.

वजनाचंही जाता जाता. 2022 च्या जुलैपासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या तांदळावर 5 टक्के जीएसटी आला, आणि बाजारात 26 किलोच्या पिशव्या दिसू लागल्या. पिशव्यांच्या किमती शेजारी शेजारी ठेवून काही कळत नाही, किलोचा दर काढा. समजा 25 किलो 1550 ला आणि 26 किलो 1560 ला. पहिली 62 रुपये किलो पडते, दुसरी 60. जाहिरातीत निव्वळ वजन आणि किलोचा दर दोन्ही हवेत.

यळ्ळूरच्या आमच्या मावशी यंदापासून घरचा तांदूळ विकणार आहेत. त्यांना मी मजकूर लिहून दिलाय, हवा तर कुणीही उचला : “बेळगाव बासमती, यळ्ळूर. सुगी डिसेंबर 2024. भात घरी पोत्यात ठेवलेलं. गिरणीतून काढला नोव्हेंबर 2025. सिंगल पॉलिश, वाफ न दिलेला. थोडी कणी असणार. निव्वळ 5 किलो. वाटीला दोन वाट्या पाणी, वीस मिनिटं भिजवा. मोकळा होतो, वास नव्यापेक्षा कमी.”

मावशींनी शेवटचं वाक्य खोडलं. “आपणच आपल्या तांदळाला कमी म्हणालाय व्हय?” मी परत लिहिलं. सध्या आमचं त्यावरच चाललंय.