भरीत-पार्टीच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

"दादा, लेख दोघांचा आहे हे मान्य, पण मध्येच भाषा बदलते. 'माझ्या आईची बडगी' म्हणता, ती नेमकी कुणाची आई? भाजण्या-ठेचण्याचा सगळा भाग ताईंचा वाटतो, मग तुमचं नाव आधी कसं?"

भाऊ, बडगी ताईंच्या आईची, यावलच्या घरातली. मी धुळ्याचा, आमच्याकडे ठेचायला खलबत्ता. आम्ही वाटणी अशी केली होती की शेत, काड्यांवर वांगी भाजणं आणि ठेचणं ताईंनी लिहायचं, कळण्याची भाकरी, सुरुवात आणि शेवट माझा. मग दोन्ही जोडताना 'मी'चं 'आम्ही' करायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. मी बाकी सगळीकडे बदललं पण त्या एका वाक्यात 'माझ्या' राहून गेलं, आणि त्याच्या वरचा परिच्छेद माझा, त्यामुळे वाचणाऱ्याला ती माझीच आई वाटणार.

पण मला त्याहून जास्त लागलं ते भाषेचं. तुम्ही लिहिल्यावर मी फाईलची जुनी आवृत्ती उघडून बघितली. ताईंनी लिहिलं होतं, "साल काळी पडली. देठाकडे दाबलं. मऊ लागलं. झालं." मी त्याचं केलं होतं, "साल काळी पडून देठाकडचा भाग दाबल्यावर मऊ लागला की वांगं भाजून झालं असं समजावं." माहिती तीच, पण चुलीजवळ बसलेली बाई गेली आणि पाककृतीचं पुस्तक आलं. आणि हे मी अर्ध्याच भागात केलं, पुढे कंटाळलो, म्हणून तुम्हाला मध्येच भाषा बदलल्यासारखं वाटलं. शिवाय कापसाच्याच काड्या का, हे दोघांनीही समजावलेलं, ते दोनदा तसंच राहिलं.

आता आम्ही दोघांनी फोनवर बसून एकमेकांचे भाग मोठ्याने वाचले, ताईंचा मी आणि माझा त्यांनी. जिथे वाचणारा अडखळला तिथे खूण केली, पण दुरुस्ती ज्याचा भाग त्यानेच करायची, दुसऱ्याने फक्त सुचवायचं. ताईंची छोटी वाक्यं परत आणली. एकच आवाज करायचा हट्ट सोडला, प्रत्येक भागावर कुणाचा ते लिहिलंय, त्यामुळे 'मी' म्हणजे कोण हा प्रश्नच उरत नाही. 'आम्ही' फक्त सुरुवातीला आणि शेवटी, जिथे खरंच दोघं होतो. काड्यांचा खुलासा ताईंचा ठेवला, माझा काढला.

नावाचं म्हणाल तर पोस्ट माझ्या अकाउंटवरून टाकली म्हणून माझं नाव आपोआप वर आलं आणि मी तसंच राहू दिलं, हे चुकलंच. लिहायला बसायच्या आधी दोघांनी बोलायला हवं होतं, आणि लेख झाल्यावर परत एकदा, कारण ठरवताना निम्मं-निम्मं होतं पण शेवटी दोन तृतीयांश मजकूर त्यांचा झाला. आता ताईंचं नाव आधी आहे. खाली 'भरताची कृती: ताईंच्या आई' अशी ओळ टाकली, त्यांना विचारून. त्यांनी लेखकांमध्ये नाव नको म्हटलं, मी लिहिलं नाही तर कशाला, पण कृती माझीये ते लिहा असं सांगितलं.

ठेचताना लसूण-मिरची आधी की वांगं आधी, यावर तुमच्या रावेरकडची पद्धत वेगळी असेल तर कळवा, ताई विचारताहेत.