भांडण मिटवायचंय? आमच्या साहेबांकडून शिका

ऑफिसात दोघांचं बिनसलंय आणि तुम्हाला मध्यस्थी करायची हुक्की आलीय? वा! गेल्याच आठवड्यात मी अशा एका मध्यस्थीतून जिवंत बाहेर आलोय. घ्या लिहून.

सर्वात आधी, दोघांना वेगवेगळं अजिबात भेटू नका. अर्धा-अर्धा तास प्रत्येकाचं ऐकत बसलात तर नेमकं काय झालंय ते आधीच कळेल. एखाद्याला समोरासमोर बसायचंच नाही, हेही कळेल. मग बैठकीत गंमत काय उरली? संमती-बिंमती विचारत बसू नका. सरळ हुकूम सोडा.

आता निमंत्रणाची मेल. खरं कसब इथेच. आमचा मामला एवढाच होता : अहवालाचा शेवटचा मसुदा मी तपासून ठेवला होता. सहकाऱ्याने त्यातले दोन तक्ते बदलले आणि मला न कळवता अहवाल ग्राहकाकडे पाठवला. ग्राहकाचा फोन आला मला, आणि मी त्याला जुनेच आकडे वाचून दाखवले. सहकाऱ्याचं म्हणणं, चूक ऐनवेळी सापडली, मुदत संध्याकाळची होती, मी जागेवर नव्हतो. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. यावर साहेबांनी मेलचा विषय काय दिला? ‘तुमच्यातील वाद व परस्पर अविश्वास’. आत मजकूर : ‘अहवाल परस्पर पाठवल्याची तक्रार आली आहे, त्याबाबत खुलासा व्हावा.’ झालं! मी फिर्यादी, तो आरोपी, निकालही लागलेला, फक्त तारीख पडायची बाकी. तक्रार मी केलीच नव्हती. विचारलं म्हणून जाता जाता सांगितलं होतं. आणि सीसीमध्ये अख्खी टीम! ज्यांना अहवालाचा अ माहीत नाही तेसुद्धा दिवसभर माझ्याकडे बघून सहानुभूतीने मान हलवत होते. अहो, दोन वाक्यांचं काम होतं : ‘अहवाल बाहेर जाण्याआधी शेवटचे बदल कोणी करायचे आणि कोणाला कळवायचे, यावर तुम्हा दोघांशी बोलायचं आहे. दोघांना सोयीची वेळ कळवा.’ हाच मजकूर, एकाच वेळी, फक्त दोघांना. पाठवण्याआधी आधी एकाच्या आणि मग दुसऱ्याच्या खुर्चीत बसून वाचायचा. दोघांपैकी एकालाही आपण आधीच दोषी ठरलोय असं वाटलं, तर पुन्हा लिहायचा. एवढं जड जातं?

असो. जागा : तुमचीच केबिन, दार सताड उघडं.

नियम आधीच छापून आणा आणि सह्या घ्या. ‘परस्परांचा आदर राखावा.’ ‘सकारात्मक राहावे.’ फार छान, कारण असा नियम मोडला की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. एकाचं बोलून होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं, घडलेल्या गोष्टीवर बोलायचं पण स्वभावावर नाही, कोणालाही थोडा वेळ बाहेर जायची मुभा, इथलं बोलणं इथेच ठेवायचं आणि ठरलं तेवढंच लिहून बाहेर न्यायचं... असले पाळता येणारे नियम चुकूनही नकोत. आणि ‘तुम्हाला कोणता नियम हवाय?’ असं तर विचारूच नका. माझ्या सहकाऱ्याला एकच हवा होता, जुनी प्रकरणं उकरायची नाहीत. मला ते नंतर जिन्यात कळलं. साहेबांनी बसल्या बसल्या त्याचं गेल्या वर्षीचं प्रकरण काढलं होतं.

कोणी बोलायला लागलं की तोडा. मी म्हणालो, ‘फोन आला तेव्हा माझ्यासमोर जुना तक्ता होता.’ साहेब म्हणाले, ‘म्हणजे तुला अपमान वाटला.’ नाही हो साहेब, जुना तक्ता होता!

शेवटी हात मिळवायला लावा. लिहून काहीही ठेवू नका.

पुरे. साहेब, आमचं वार्षिक मूल्यमापन तुम्ही लिहिता. तुमच्यासमोर मोकळं कोण बोलणार? दुसऱ्या विभागातलं कोणी, जिला आमच्या बढतीशी देणंघेणं नाही अशी व्यक्ती, बोलवायची होती. मध्यस्थाने निकाल द्यायचा नसतो, तुम्ही तर शिक्षासुद्धा सुचवलीत. आणि मागे एकाने दुसऱ्याला सरळ धमकावलं होतं, तेव्हाही तुम्ही दोघांना समोरासमोर बसवून ‘मिटवलंत’. तिथे रीतसर चौकशी लागते, मध्यस्थी नाही. ज्याने धमकी ऐकली त्यालाच समजुतीने घ्यायला सांगताना जीभ अडखळली नाही तुमची?

आमचं भांडण जिन्यात मिटलं. बदल केले की त्यांची यादी दुसऱ्याला मेल करायची, तासाभरात उत्तर नाही आलं तर फोन, फोनही नाही लागला तर अहवाल पाठवून लगेच निरोप ठेवायचा. तीन आठवड्यांनी जमतंय का ते बघायचं. तुमच्याशिवाय ठरलं हे सगळं. आणि परवा तुम्ही ‘वाद यशस्वीरीत्या मिटवल्याबद्दल’ मेल टाकलीत. आमच्या नावांसकट. पुन्हा अख्ख्या टीमला.